एक्केचाळीस हजारांचे सत्तावीसशे: पायलटवरून काढलेला एक विक्री अंदाज

नव्या फिल्टरची मोजक्या दुकानांतली चाचणी विक्री, म्हणजे पायलट, संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात विक्रीप्रमुखांची एक्सेल शीट आली. त्यात एकच महत्त्वाची ओळ होती. ४० दुकानांत १२ आठवड्यांत १,२०० फिल्टर गेले, म्हणजे दर दुकानी आठवड्याला अडीच. पूर्ण क्षेत्रात ३२० दुकानं होतील, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणून पहिल्या वर्षी ४१,६००. खाली शेरा: "हा कमीत कमी आकडा आहे. जाहिरात अजून धरलेली नाही."

उत्पादन साधं होतं. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला लावायचा पाण्याचा फिल्टर, आत बदलता येणारं कार्ट्रिज, आणि कार्ट्रिज तीन महिन्यांनी बदलावं असं डब्यावर छापलेलं. कंपनी स्वयंपाकघरातली इतर छोटी उपकरणं आधीपासून विकत होती, त्यामुळे दुकानदारांशी ओळख होती. साच्यांची ऑर्डर किती द्यायची आणि कार्ट्रिजसाठी दुसरी लाइन बसवायची का, हे या आकड्यावर ठरणार होतं. अंदाज तपासायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या हिशेबातले आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून जागोजागी गोल केले आहेत.

१,२०० हा आकडा मुळात कशाचा?

पहिला प्रश्न मी विक्रीला नाही, डिस्पॅचला विचारला. १,२०० हे कंपनीने दुकानांना केलेलं बिलिंग होतं. दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात गेलेले नग मोजायला प्रत्येक दुकानाचा शिल्लक माल हवा होता. तो मागवल्यावर कळलं की ४२० फिल्टर अजून फळीवर पडून आहेत, दुकानामागे साधारण दहा. खरी विक्री ७८०.

नव्या मालात हे नेहमीच होतं. दुकानाची फळी पहिल्यांदा भरते तेव्हा कागदावर मोठी विक्री दिसते, पण ती मागणी नसते, ती एकदाच भरायची टाकी असते. तिला ५२ आठवड्यांनी गुणलं की दर आठवड्याला नवी फळी भरत बसावं लागेल.

मग ७८० चे आठवडे पाडले. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ते असे होते:

३०, ६५, ९५, १०५, ९५, ८२, ६८, ५५, ४७, ४५, ४६, ४७

ही रांग डोळ्यांखालून घातली की पायलटची अर्धी गोष्ट कळते. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दुकानांमध्ये डेमो देणारी माणसं उभी होती. ती असताना विक्री चौथ्या आठवड्यापर्यंत चढली, मग घसरत गेली आणि नवव्या आठवड्यापासून पंचेचाळीसच्या आसपास स्थिरावली. सगळ्या बारा आठवड्यांची सरासरी ६५ येते, पण या रांगेत ६५ चा आठवडा "साधारण" म्हणता येत नाही. कुठलेही आठवडे डेमोच्या चढावर आहेत किंवा त्याच्या उतारावर, नाहीतर शेवटच्या सपाटीवर. डेमोवाले पूर्ण क्षेत्रात वर्षभर उभे करणं योजनेत नव्हतं, म्हणून शेवटचे चार आठवडेच कामाचे. पायलट आठव्या आठवड्यात बंद केला असता तर ही सपाटी दिसलीच नसती. घसरण चालू असताना शेवट कुठे होणार हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या चार आठवड्यांतही एक गुंता होता. ओळख म्हणून दिलेली सवलत पूर्ण पायलटभर चालू होती, पण सुदैवाने कुणीतरी शहाणपणा करून शेवटच्या चार आठवड्यांत आठ दुकानांतली सवलत काढून घेतली होती. बाकीच्या ३२ दुकानांत त्या काळात १५७ फिल्टर गेले आणि या आठ दुकानांत २८. दर दुकानी पाहिलं तर सवलतीशिवाय विक्री पाव हिस्स्याहून थोडी जास्तच कमी. लाँच सवलतीशिवाय होणार होता, म्हणून माझ्या कामाचा दर आठ दुकानांचा. तो ४० दुकानांना लावला तर आठवड्याला ३५ फिल्टर.

२८ नगांवर वर्षभराचा अंदाज उभा करताना हात थरथरायला हवा. अशा तुरळक विक्रीत आकड्याच्या वर्गमुळाइतका फरक निव्वळ योगायोगाने पडतो; २८ चं वर्गमूळ पाचच्या थोडं वर. म्हणजे तीच दुकानं, तोच माल, फक्त दुसरे चार आठवडे असते तर २३ ही आले असते आणि ३३ ही. आठवड्याच्या ३५ ला मी म्हणूनच २८ ते ४२ असा पट्टा लावून ठेवला. हा पट्टा पुढे शेवटपर्यंत सोबत येतो.

दुकानामागे नको, घरामागे

यानंतर सगळे जण "दर दुकानी दर आठवडा" घेऊन पुढे जातात आणि तिथेच फसतात. पायलटसाठी निवडलेली दुकानं सरासरी दुकानं कधीच नसतात. विक्री विभाग आपली चांगली, ओळखीची, वर्दळीची दुकानं निवडतो, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. मोठ्या दुकानाचा दर लहान दुकानाला लावला की अंदाज फुगतो.

उपाय असा की विक्री दुकानाला न भागता घरांना भागायची. मोठं दुकान जास्त विकतं, कारण ते जास्त घरांपर्यंत पोचतं. घरामागचा दर काढला की दुकानाच्या आकाराचा प्रश्न बराचसा निघून जातो. वॉरंटी कार्डांवरच्या पत्त्यांवरून गिऱ्हाइकं कोणत्या वस्त्यांतून येतात ते काढलं. त्या वस्त्यांत मिळून ५ लाख घरं होती. कंपनीला पुढे ज्या क्षेत्रात जायचं होतं तिथे ४० लाख.

पण प्रत्येक घर गिऱ्हाईक होऊ शकत नाही. ७८० पैकी ६२ फिल्टर परत आले होते आणि परतीच्या चिठ्ठ्यांवर बहुतेक ठिकाणी एकच कारण होतं: नळाला बसत नाही. नळाच्या तोंडाला आटे असतील तरच हा फिल्टर बसतो. सर्व्हिसच्या माणसांनी घरोघरी पाहून सांगितलं की साधारण ६० टक्के घरांत असा नळ असतो. त्यातल्या निम्म्या घरांत पाणी शुद्ध करायचं दुसरं काही आधीच आहे, त्यांना हे नको. उरली ३० टक्के.

या ३० टक्क्यांतली किती घरं कधी ना कधी फिल्टर घेतील, हे सांगणारा पुरावा सगळ्यात कच्चा होता. किंमत दाखवून ४०० घरांना विचारलं होतं. ११ टक्के म्हणाले "नक्की घेऊ", ३७ टक्के म्हणाले "बहुधा घेऊ". लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत, म्हणून या उत्तरांना कात्री लावायची धंद्यातली जुनी पद्धत आहे: "नक्की" वाल्यांपैकी ८० टक्के खरे धरायचे, "बहुधा" वाल्यांपैकी ३०. हिशेब २० टक्क्यांवर येतो. या वजनांमागे नियम नाही, सवय आहे, आणि वेगवेगळे लोक वेगळी वजनं वापरतात.

तर पायलटच्या वस्त्यांत ५ लाखांचे ३० टक्के, त्याचे २० टक्के, म्हणजे ३०,००० घरं हा शेवटचा पल्ला. पूर्ण क्षेत्रात २,४०,०००. विक्रीप्रमुखांचे ४१,६०० म्हणजे कधीही घेऊ शकणाऱ्या सगळ्या घरांपैकी सहावा हिस्सा पहिल्याच वर्षात. बैठकीत मी एवढंच वाक्य आधी बोललो आणि थांबलो. वित्तवाल्यांनी चष्मा काढला.

आता आठवड्याच्या ३५ वरून नवी घरं किती, ते काढू. ८ टक्के परत येतात, उरले ३२. वॉरंटी कार्डांत १२ टक्के वेळा तोच पत्ता दुसऱ्यांदा दिसला, म्हणजे दुसऱ्या नळासाठी किंवा भेट म्हणून घेतलेला फिल्टर. उरली २८ नवी घरं. पायलटमध्ये दर दोन दिवसांनी आमचा माणूस फळी भरत होता, त्यामुळे ९८ टक्के वेळा माल हजर असे. रोजच्या कारभारात आमच्या इतर मालाचं हेच प्रमाण ८० टक्के आहे. तेवढं कापलं की २३ घरं. वर्षाला १,२००. तीस हजारांत बाराशे, म्हणजे ४ टक्के.

हंगामाचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे निघाला. आमच्या इतर उपकरणांच्या महिनावार विक्रीत पायलटचे महिने ना तेजीचे ना मंदीचे होते, म्हणून त्यासाठी काही जोडलं-वजा केलं नाही.

वक्र: काय पायलटमधून येतं आणि काय येत नाही

४ टक्के हा पहिल्या वर्षाचा दर झाला. पुढे काय? दरवर्षी ४ टक्केच धरले तर तोंडी प्रसार शून्य मानल्यासारखं होतं. दरवर्षी दुप्पट धरले तर कागदावरची रेष लवकरच सगळ्या घरांपलीकडे जाते. इथे १९६९ मध्ये फ्रँक बास यांनी मांडलेलं सूत्र उपयोगी पडतं, आणि ते दिसतं त्याहून सोपं आहे:

```
n = (p + q × N/m) × (m − N)
```

m म्हणजे शेवटचा पल्ला, N म्हणजे आतापर्यंत घेतलेली घरं, n म्हणजे या वर्षी घेणारी. दुसऱ्या कंसातला m − N म्हणजे अजून न घेतलेली घरं. त्यातली काही कुणाचं न पाहता स्वतःहून घेतात, तो p. बाकीची शेजारी, नातेवाईक, ओळखीचे यांच्याकडे पाहून घेतात, आणि असे लोक जितके जास्त तितका हा ओढा जास्त, तो q. पहिल्या दिवशी N शून्य असतो, म्हणून सगळी विक्री p वर चालते. पुढे q चा जोर वाढतो, आणि शेवटी न घेतलेली घरंच कमी उरल्याने विक्री उतरते. आतापर्यंत घेतलेल्या घरांचा एस-आकाराचा वक्र म्हणतात तो एवढ्यावरच तयार होतो.

आपल्या १२ आठवड्यांतून p मिळाला: ०.०४. q मात्र मिळाला नाही आणि मिळणारही नव्हता. आम्ही १५० गिऱ्हाइकांना फोन करून "कुठून कळलं?" असं विचारलं होतं, १४ जण म्हणाले ओळखीच्यांकडून. यावरून q काढायचा मोह आमच्यातल्या एका हुशार मुलाला झाला. पण पायलटच्या वस्त्यांत तेव्हा फिल्टरवाली घरंच जेमतेम काहीशे होती. कुणाकडे पाहून घ्यायचं तर आधी ते कुणाकडे असायला हवं. घरं कमी असतानाचा ओढा मोजून घरं भरल्यावरचा ओढा सांगता येत नाही.

q साठी जुन्या मालाकडे वळायचं. कंपनीच्या दोन जुन्या उपकरणांची पहिल्या सहा वर्षांची विक्री काढली, त्यातून बदली म्हणून गेलेले नग वेगळे केले (हे न केल्यास q उगाच मोठा दिसतो) आणि वक्र बसवला. एकाचा q ०.३० आला, दुसऱ्याचा ०.४०. मी ०.३५ धरला. सुलतान, फार्ली आणि लेहमन यांनी १९९० मध्ये अशा २१३ उदाहरणांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा सरासरी p ०.०३ आणि q ०.३८ आला होता. आपला अंदाज त्याच्या शेजारी बसतो, एवढंच समाधान. सरासरी उचलून कुठल्याही मालाला चिकटवू नये. आपल्या हातातला स्वतःचा मोजलेला दर तिच्याहून नेहमी वरचढ.

त्या दोन उपकरणांचे p ०.०२ आणि ०.०३ होते. मग फिल्टरचा ०.०४ कसा? दोन दिवस यात गेले. कारण साधं निघालं: जुन्या मालाचा p संपूर्ण क्षेत्रावर काढला होता, जिथे पहिली दोन-तीन वर्षं निम्म्या घरांजवळ तो माल ठेवणारं दुकानच नव्हतं. आपला ०.०४ हा दुकान असलेल्या वस्त्यांचा आहे.

त्यातूनच अंदाजातली सगळ्यात मोठी दुरुस्ती आली. जिथे माल पोचलेला नाही तिथलं घर विकत घेऊ शकत नाही, म्हणून m दरवर्षी पोचलेल्या घरांपुरताच धरायचा. वितरणवाल्यांची योजना वर्षाच्या सुरुवातीला ५ टक्के घरांपासून अखेरीला ४५ टक्क्यांपर्यंत जायची होती, सरासरी २५. दुसऱ्या वर्षाची सरासरी ५०, तिसऱ्याची ७०, मग ८० वर थांबणार.

पहिलं वर्ष: २,४०,००० चे २५ टक्के म्हणजे ६०,०००, त्याचे ४ टक्के म्हणजे २,४०० नवी घरं. दुसरं वर्ष: पोचलेला पल्ला १,२०,०००, त्यात आधीची २,४०० म्हणजे २ टक्के, p मध्ये ०.३५ × ०.०२ मिळवून ०.०४७, उरलेल्या १,१७,६०० घरांना तो लावला की साधारण ५,५००. याच पद्धतीने तिसऱ्या वर्षी ९,०००, चौथ्या वर्षी १२,४००, पाचव्या वर्षी १५,२००. दुसऱ्या नळाचे नग मिळवले की पहिल्या वर्षी दुकानातून घरात जाऊन तिथेच राहणारे फिल्टर २,७००.

"म्हणजे पंधरा पट कमी?" विक्रीप्रमुखांनी विचारलं. पंधरा पटच. यात निराशा कुठेच नव्हती. फळीवरचा माल, डेमो, सवलत, परती, हजेरी आणि वर्षभर हळूहळू पसरणारी दुकानं यांचे गुणाकार होते. प्रत्येक कात्री वेगळी पाहिली तर कुणाचाच आक्षेप नव्हता. सगळ्या एकत्र आल्या की माणूस दचकतो.

कोणत्या चुकीची भीती धरायची

बैठकीचा अर्धा तास q वर गेला, आणि तो वाया गेला. q ०.२० धरा किंवा ०.४५, पहिल्या वर्षाचे २,४०० जागचे हलत नाहीत. तिसऱ्या वर्षी फरक ७,९०० ते ९,९०० एवढाच. पाचव्या वर्षी मात्र तो ११,१०० ते १८,५०० होतो. साच्यांची ऑर्डर पहिल्या दोन वर्षांसाठी होती, तिथे q ची वादावादी निरर्थक. दुसरी लाइन चौथ्या-पाचव्या वर्षासाठी हवी होती, आणि तिथे आजचं कुठलंच उत्तर पुरेसं नव्हतं.

m बद्दलची गंमत त्याहून मोठी आहे. २० टक्क्यांचा पुरावा कच्चा आहे हे मीच सांगितलं होतं. समजा तो १० टक्के निघाला, m निम्मा झाला. पण पायलटमध्ये वर्षाला १,२०० घरं हे मोजलेलं आहे, ते बदलत नाही. मग १५,००० मध्ये १,२०० म्हणजे p आपोआप ०.०८ होतो. पहिलं वर्ष पुन्हा २,४००. तिसरं वर्ष ८,६००, म्हणजे जवळपास तेच. पाचवं वर्ष १२,३००, आणि त्याच सुमाराला विक्री माथ्यावर पोचून उतरू लागते, मूळ हिशेबात ती अजून चढत असते. पायलट p आणि m यांचा गुणाकार पक्का करतो, वेगवेगळे नाही. जवळचा अंदाज या गुणाकारावर उभा आहे म्हणून बरा आहे. दूरचा त्यांच्या फाळणीवर उभा आहे म्हणून डळमळीत.

पहिल्या वर्षाला खरा धोका दोनच गोष्टींचा: सवलतीशिवायचा दर आणि दुकानांची गती. दर पट्ट्याच्या तळाशी, आठवड्याला २८, आणि दुकानं २५ ऐवजी सरासरी १५ टक्के घरांपर्यंतच गेली तर नवी घरं १,१५०. दर ४२ आणि पोच ३० टक्के झाली तर ३,४५०. मी हा पूर्ण पट्टा दिला. एकच आकडा हवा असा आग्रह झाला तेव्हा २,४०० सांगितला, पण साचे एका खेपेत न घेता दोन खेपांत घ्या, असं त्याच दमात सांगितलं.

आणि पट्ट्यापेक्षाही तिमाहीची वाटणी जास्त कामाची ठरली. दुकानं हळूहळू वाढतात, म्हणून विक्री चार सारख्या तुकड्यांत येत नाही. पहिल्या तिमाहीत १० टक्के, मग २०, ३० आणि ४०. म्हणजे २७०, ५४०, ८१० आणि १,०८० फिल्टर. वर्षाचा आकडा चारने भागून ठेवला असता तर पहिल्या तिमाहीअखेर सगळ्यांनी माल फसला असं जाहीर केलं असतं.

कारखान्याला मात्र २,७०० सांगून चालत नाही. परत येणारे नग आणि वर्षाअखेर १४४ दुकानांच्या फळीवर प्रत्येकी सहा नग बसतील, ते धरून ३,८०० च्या आसपास बनवावे लागणार होते. फळीवरचे ८६० एकदाच लागतील, पुढच्या वर्षी तेवढे पुन्हा नाहीत, हे कारखान्याच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहिलं.

कार्ट्रिज

विक्रीप्रमुखांच्या शीटमध्ये कार्ट्रिजची ओळ होती: दर फिल्टरमागे वर्षाला चार. डब्यावर तीन महिने छापलं आहे ना.

आम्ही पायलटच्या गिऱ्हाइकांचा माग २६ आठवडे ठेवला. लोक कार्ट्रिज तीन महिन्यांनी नव्हे, सरासरी साडेचार महिन्यांनी बदलत होते. पाण्याची धार बारीक झाली की आठवण होते. आणि सगळे बदलतही नव्हते. इथे एक काळजी घ्यावी लागते. डेमोच्या आठवड्यांत घेणाऱ्यांना आणि नंतर घेणाऱ्यांना आजच्या तारखेला तोलणं चूक आहे, कारण पहिल्यांना जास्त दिवस मिळालेले असतात. दोघांना खरेदीपासून २० आठवड्यांवर मोजलं तेव्हा डेमोवाल्यांपैकी १०० मागे ३८ घरांनी पहिलं कार्ट्रिज घेतलं होतं, नंतरच्यांपैकी ५५. डेमोने विकलेला फिल्टर आणि गिऱ्हाइकाने शोधत येऊन घेतलेला फिल्टर हे दोन वेगळे फिल्टर आहेत. लाँचमध्ये दुसऱ्या जातीची गिऱ्हाइकं अपेक्षित होती, म्हणून ५५ धरले. पहिलं कार्ट्रिज घेणाऱ्यांपैकी ७० टक्के दुसरंही घेतील असं धरलं, म्हणजे ३८.

तर १०० घरं त्यांच्या पहिल्या बारा महिन्यांत ९३ कार्ट्रिज घेतात, ४०० नाही. आणि कॅलेंडरच्या पहिल्या वर्षात त्याहून कितीतरी कमी, कारण बहुतेक घरं वर्षाच्या उत्तरार्धात येतात आणि त्यांची बदलायची वेळ पुढच्या वर्षात पडते. घरांच्या येण्याच्या तारखांवरून हिशेब केला तर १०० मागे २८, एकूण ६७० कार्ट्रिज. दुसऱ्या लाइनचा प्रस्ताव त्या दिवशी बाजूला ठेवला गेला. तिसऱ्या कार्ट्रिजपर्यंत किती घरं टिकतात हे २६ आठवड्यांत दिसणं शक्यच नव्हतं. ती ओळ शीटमध्ये रिकामी ठेवली, अंदाजाने भरली नाही.

पहिली तिमाही

लाँचनंतर १३ आठवड्यांनी आकडे आले: परती वजा जाता १९६ फिल्टर, अपेक्षा २७० ची. विक्रीकडून लगेच सूचना आली की सवलत पुन्हा चालू करा, डेमोवाले परत आणा. उत्पादनाकडून आली की p चुकला आहे, अंदाज खाली आणा.

दोन्हींच्या आधी एकच भागाकार करायचा होता. अंदाजात सरासरी ३२ दुकानं चालू असतील असं धरलं होतं, आणि दर दुकानी आठवड्याला परती वजा जाता ०.६६ फिल्टर. प्रत्यक्षात सरासरी २२ दुकानांतच माल लागला होता; एका वितरकाचा करार दीड महिना रखडला होता. १९६ ला २२ आणि १३ ने भागलं की ०.६९. दर होता तिथेच होता, किंचित वरच. १९६ नगांवर योगायोगाचा फरक चौदाच्या आसपास, म्हणून तो "वर" मी मोजला नाही.

सवलत आणली नाही. p ला हात लावला नाही. वितरणाच्या ओळीतल्या तारखा सहा आठवडे पुढे सरकवल्या, त्यातून बाकीच्या तिमाह्यांचे आकडे आपोआप खाली आले, आणि साच्यांची दुसरी खेप एका तिमाहीने लांबवायची चिठ्ठी त्याच दिवशी गेली.